सरासरी ठीक, पण ती पंधरा मिनिटं?

हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेल्या ऊतींचे नमुने तपासणाऱ्या, एका प्रयोगशाळेचं उदाहरण घेऊ. तिथली हवा तपासली आणि अहवाल आला: टेक्निशियनच्या श्वासातल्या हवेत फॉर्माल्डिहाइडची आठ तासांची सरासरी 0.22 पीपीएम. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग वायू. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेची आठ तासांची मर्यादा 0.75 पीपीएम आहे आणि युरोपियन युनियनची 0.3. आकडा दोन्हींच्या खाली आहे, म्हणून अहवाल फाइलला लागतो. पण त्याच टेक्निशियनचे डोळे रोज दुपारी चुरचुरतात, नाक गळतं, घसा धरतो. इथे मोजमाप चुकलेलं नसतं आणि माणूस खोटंही बोलत नसतो. त्या सरासरीच्या पोटात काय दडलंय ते बघितलं की उलगडा होतो.

ऊतींचे नमुने टिकवण्यासाठी जे फॉर्मॅलिन वापरतात, ज्याला सगळे ‘दहा टक्के फॉर्मॅलिन’ म्हणतात, त्यात प्रत्यक्षात साधारण 4 टक्के फॉर्माल्डिहाइड असतं. हा वायू पाण्यात सहज विरघळतो, म्हणून डोळ्यांचा आणि नाकाचा ओलावा त्याला पहिल्यांदा धरतो आणि झोंबणं तिथूनच सुरू होतं. वर्षानुवर्षांच्या संपर्काचा प्रश्न वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, ते मुख्यतः नाक-घशाच्या वरच्या भागातल्या कर्करोगामुळे. पुढे रक्ताच्या कर्करोगाचाही त्यात समावेश झाला. त्यामुळे ‘थोडा वास तर येणारच’ ही समजूत मला अजिबात पटत नाही.

आता त्या 0.22 चा हिशोब उघडू. टेक्निशियनच्या कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर, एक छोटी नळी लावलेली असते आणि कमरेला पंप. नळीत डीएनपीएच नावाच्या रसायनाचा लेप दिलेली सिलिका असते. हवेतलं फॉर्माल्डिहाइड या लेपाशी संयोग पावून तिथेच अडकतं. नंतर प्रयोगशाळेत ते धुऊन काढून मोजतात आणि उत्तर मायक्रोग्रॅममध्ये देतात. पंपाने किती लिटर हवा ओढली हे माहीत असलं की पुढचं गणित साधं भागाकाराचं. दिवसभराच्या नळीसोबत आपण आणखी काही नळ्या लावल्या, पण त्या एकेका कामापुरत्या. त्यातली एक होती जुने नमुने टाकून देण्याच्या पंधरा मिनिटांसाठी. पंपाचा वेग मिनिटाला 1 लिटर, म्हणजे 15 लिटर हवा. नळीत सापडले 44 मायक्रोग्रॅम. 44 ला 15 ने भागलं की लिटरमागे 2.9 मायक्रोग्रॅम, म्हणजेच घनमीटरमागे 2.9 मिलिग्रॅम. फॉर्माल्डिहाइडचा 1 पीपीएम म्हणजे घनमीटरमागे 1.23 मिलिग्रॅम. त्या पंधरा मिनिटांत हवा होती 2.4 पीपीएम.

पंधरा मिनिटांसाठी ओशाची मर्यादा 2 पीपीएम आहे, युरोपची 0.6. म्हणजे दोन्ही ओलांडल्या. बाकी दिवस असा गेला: नव्वद मिनिटं ग्रॉसिंग, म्हणजे नमुने कापून त्यांचे तुकडे कॅसेट नावाच्या छोट्या डब्यांमध्ये भरण्याचं काम, तेव्हा 0.6 पीपीएम, आणि उरलेली 375 मिनिटं खोलीत इतर कामं करताना 0.04. आकड्याला मिनिटांनी गुणायचं: 36, 54 आणि 15. बेरीज 105, तिला 480 मिनिटांनी भागलं की तेच 0.22. दिवसातली जेमतेम तीन टक्के वेळ, आणि दिवसभरात शरीरात गेलेल्या वायूचा एक तृतीयांश भाग त्याच वेळात गेला. फक्त दिवसभराची एकच नळी लावली असती तर हे कधीच दिसलं नसतं. म्हणून हवा तपासायला कोणी आलं की पहिली मागणी ही करावी: आठ तासांचा नमुना घ्याच, पण सर्वात वाईट वाटणाऱ्या कामाचा पंधरा मिनिटांचा नमुना वेगळा घ्या. ते काम कोणतं हे बाहेरून आलेल्याला ठाऊक नसतं. ते टेक्निशियनला आणि साफसफाई करणाऱ्या मावशींना विचारायचं.

नियम वेगवेगळे आहेत हेही लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेचीच नायॉश ही संशोधन संस्था पूर्ण पाळीच्या सरासरीसाठी 0.016 आणि पंधरा मिनिटांसाठी 0.1 पीपीएम एवढंच सुचवते. त्या मापाने 0.22 ही सरासरीसुद्धा कितीतरी जास्त. मर्यादेच्या खाली असणं आणि सुरक्षित असणं यात अंतर आहे. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत तर जितकं कमी करता येईल तितकं करायचं, मर्यादेपाशी थांबायचं नाही.

नाकावर विसंबता येत नाही याचंही कारण आहे. रोजच्या संपर्काने वासाची जाणीव बोथट होते. ‘आता वासच येत नाही, सवय झाली’ असं जुन्या टेक्निशियनकडून ऐकलं की हवा सुधारल्याचा अर्थ काढू नये. हातात धरायचे झटपट मीटर मिळतात, ते गळती शोधायला फार उपयोगी पडतात. पण त्यांतल्या बऱ्याच मीटरचा सेन्सर अल्कोहोललाही प्रतिसाद देतो आणि हिस्टोपॅथॉलॉजीत अल्कोहोल सगळीकडे असतं. नमुन्यांवर रसायनांची प्रक्रिया करणाऱ्या टिश्यू प्रोसेसर यंत्राजवळ मीटर अचानक उडी मारतो तेव्हा ते फॉर्माल्डिहाइड असेलच असं नाही. मीटरने जागा शोधायची आणि आकडा नळीने पक्का करायचा.

मग ती पंधरा मिनिटं एवढी वाईट का होती? काम असं चाललं होतं: मुदत संपलेल्या बरण्या सिंकमध्ये नेऊन एकेक उघडायची, फॉर्मॅलिन ओतायचं, बरणी गरम पाण्याखाली धरायची. गरम पाण्याने वायू आणखी वेगाने सुटतो. ओतताना द्रवाचा पृष्ठभाग फाटतो आणि हवेला भिडतो. चेहरा बरोबर सिंकच्या वर वाकलेला. वरून छतात एक एक्झॉस्ट होता, आणि तो मदत करण्याऐवजी घात करत होता, कारण सिंकमधून उठलेली वाफ एक्झॉस्टकडे जाताना माणसाच्या नाकावरूनच जात होती. या एका नियमावर माझा सर्वात जास्त भर असतो: वायू जिथे सुटतो ती जागा आणि तो जिथे ओढला जातो ती जागा, या दोन्हींच्या मध्ये चेहरा येता कामा नये. म्हणून ग्रॉसिंगचं टेबल खालून किंवा पाठीमागून हवा ओढणारं असतं.

अशा टेबलाच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर हवा. पण ओढ अंतराबरोबर झपाट्याने ओसरते. गोल तोंडाच्या पाइपचं उदाहरण घ्या: पाइपच्या एका व्यासाएवढं लांब गेलं की तोंडाशी असलेल्या वेगाचा जेमतेम दहावा भाग उरतो. नमुना जाळीपासून हातभर दूर ठेवून कापला तर टेबल चालू असूनही उपयोग होत नाही. ग्रॉसिंगच्या टेबलाची बारीक छिद्रांची जाळी एकदा नीट बघा. बऱ्याच ठिकाणी तिच्यावर कापण्याची पाटी, गॉजचे तुकडे, टिश्यू पेपर आणि कॅसेटचा डबा पसरलेला सापडतो. मोटर आवाज करत असते, पण ओढायला छिद्रंच उघडी नसतात. ही तपासणी मोफत होते: धुराची छोटी नळी किंवा अगरबत्ती (पेटवण्याआधी फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलच्या बरण्या दूर हलवून) नमुन्याच्या जागी धरायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. धूर चेहऱ्याकडे वळत असेल तर त्याच वेळी एसीची झडप, टेबलफॅन किंवा सतत उघडझाप होणारं दार कुठे आहे हेही बघावं. आडव्या झोतापुढे अर्ध्या मीटरची ओढ टिकत नाही.

आपल्या उदाहरणात बदल फार खर्चिक नव्हते. ओतण्याचं काम सिंकवरून ओढ असलेल्या हूडखाली हलवलं. फॉर्मॅलिन झाकणाच्या नरसाळ्यातून बंद कॅनमध्ये जाऊ लागलं. बरण्या थंड पाण्याने धुवायच्या ठरल्या. ग्रॉसिंगआधी मोठे नमुने हूडखालीच पाण्यात काही वेळ बुडवून ठेवायला सुरुवात झाली, म्हणजे कापताना आतून वाहणारं फॉर्मॅलिन कमी. जाळी मोकळी केली. समजा, पुन्हा मोजलं तेव्हा ओतण्याच्या पंधरा मिनिटांत 0.25 आणि ग्रॉसिंगला 0.15 मिळालं. तोच गुणाकार: 3.75, 13.5 आणि खोलीचे 15. बेरीज 32.25, सरासरी 0.07 च्या आसपास. आता जवळपास अर्धा वाटा कशाचा झाला? खोलीच्या त्या 0.04 चा, ज्याकडे आधी कोणी बघितलंही नव्हतं. पुढचं काम त्याचं: सैल झाकणांच्या बरण्या भरलेलं कपाट, ज्याला स्वतःचा एक्झॉस्ट नाही, फॉर्मॅलिनने भिजलेल्या गॉजची उघडी कचऱ्याची बादली, प्रोसेसरचं तोंड. एक मोठा स्रोत आवरला की त्याच्या आड लपलेला दुसरा दिसतो, म्हणूनच बदल केल्यावर पुन्हा मोजणं हा कामाचाच भाग आहे.

मास्कबद्दल एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. सर्जिकल मास्क आणि एन-95 कण अडवतात, वायू अडवत नाहीत. सांडलेलं आवरताना लागेल तो रेस्पिरेटर फॉर्माल्डिहाइडसाठी म्हणून प्रमाणित केलेल्या कार्ट्रिजचा असावा, कारण सेंद्रिय वाफांसाठीचं साधं कार्ट्रिज त्याला नीट धरत नाही. हाताला लेटेक्सऐवजी नायट्राइल, आणि फॉर्मॅलिनचे शिंतोडे उडाले की लगेच बदलायचे. आणखी एक धोका कमी लोकांना माहीत असतो. हाडाचे नमुने मऊ करण्यासाठी काही ठिकाणी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. फॉर्मॅलिनने भरलेला तुकडा न धुता त्यात टाकला तर बिस-क्लोरोमिथाइल ईथर हा कर्करोगकारक पदार्थ तयार होऊ शकतो. आधी पाण्याने नीट धुवायचं, हे प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असावं.

ऑपरेशन थिएटरमध्ये गोष्ट बदलते, पण हिशोबाची रीत तीच राहते. भूल देताना वापरतात ते नायट्रस ऑक्साइड आणि सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेस्फ्लुरेन ही वाफ होणारी द्रव्यं. डोळे झोंबून इशारा देण्याची सोय इथे नाही. नायट्रसचा वास जवळपास येतच नाही, आणि बाकीच्यांचा जाणवेपर्यंत हवेतलं प्रमाण बहुधा शिफारशीच्या कितीतरी पट गेलेलं असतं. नायॉशने 1977 मध्ये सुचवलेले आकडे आजही संदर्भाला घेतले जातात: भूल चालू असताना नायट्रसची सरासरी 25 पीपीएम, आणि सेव्होफ्लुरेनच्या गटातल्या हॅलोजनयुक्त वाफांची कमाल 2 पीपीएम. दोन्ही एकत्र वापरले तर वाफांसाठी 0.5. हे आकडे सेव्होफ्लुरेन आणि डेस्फ्लुरेन वापरात येण्याआधीचे आहेत हे ध्यानात ठेवावं. ब्रिटनमध्ये नायट्रससाठी आठ तासांची मर्यादा 100 आहे.

नुकसानाचा पुरावा कुठे ठाम आहे आणि कुठे नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी-12 जीवनसत्त्व निकामी करतं, हे पक्कं माहीत आहे. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दातांच्या दवाखान्यांतल्या सहायक स्त्रिया तपासल्या होत्या. ज्या आठवड्याला पाच तास किंवा जास्त नायट्रसच्या हवेत काम करत आणि जिथे वायू ओढून नेण्याची सोय नव्हती, त्यांच्यात दर पाळीचक्रात गर्भ राहण्याची शक्यता संपर्क नसलेल्या स्त्रियांच्या 41 टक्के एवढीच होती. जिथे सोय होती तिथे ही घट दिसली नाही. आजच्या नीट चालणाऱ्या थिएटरमधल्या अल्प प्रमाणाबद्दल मात्र पुरावा कमजोर आहे. म्हणजे घाबरून जाण्यापेक्षा ती ओढून नेणारी सोय चालू आहे की नाही हे बघणं जास्त मोलाचं.

ती सोय म्हणजे स्कॅव्हेंजिंग. रुग्णाने सोडलेला जादा वायू मशीनच्या झडपेतून एका पाइपने गोळा होतो आणि बाहेर टाकला जातो. आता समजा हा पाइप निसटला आहे. थिएटर 120 घनमीटरचं, तासाला वीस वेळा हवा बदलते. म्हणजे तासाला 2400 घनमीटर, मिनिटाला 40,000 लिटर. भूलतज्ज्ञांनी मिनिटाला 4 लिटर नायट्रस लावलाय आणि तो सगळा खोलीत सांडतोय. 4 भागिले 40,000, म्हणजे दहा लाखांत 100. नायॉशच्या चौपट, आणि हाही खोलीभर सारखा मिसळला तर. मशीनशेजारी उभ्या माणसाच्या नाकाशी त्याहून जास्त.

पण वीस वेळा ‘बदलणारी’ हवा ताजी आहे का? बऱ्याच थिएटरमध्ये बरीचशी हवा हेपा फिल्टरमधून फिरवून पुन्हा आत सोडतात. वीसपैकी चारच वेळा बाहेरची हवा येत असेल तर नायट्रस पातळ करायला मिनिटाला 40,000 नव्हे, 8,000 लिटरच मिळतात, आणि तोच आकडा 500 पीपीएम होतो. हेपा जंतू आणि धूळ अडवतं. वायूचे रेणू त्यातून आरपार जातात. संसर्ग टाळण्यासाठी उत्तम असलेली यंत्रणा वायूच्या बाबतीत काहीच करत नाही, हे थिएटर बांधणाऱ्या अभियंत्यांनाही कित्येकदा सांगावं लागतं. त्यांना विचारायचे प्रश्न दोन: तासाला ताजी हवा किती? आणि स्कॅव्हेंजिंगचा पाइप एसीच्या परतीच्या डक्टमध्ये तर सोडलेला नाही ना? तसं असेल तर वायू फिरून सगळ्या थिएटरमध्ये येतो.

लहान मुलांना मास्कने भूल देताना हे सगळं एकदम अंगावर येतं. मूल रडतं, मान फिरवतं, मास्क चेहऱ्यावर बसत नाही, आणि सेव्होफ्लुरेन 8 टक्क्यांवर, मिनिटाला 6 लिटर प्रवाहात चालू असतं. 6 लिटरचे 8 टक्के म्हणजे मिनिटाला जवळपास अर्धा लिटर निव्वळ वाफ. ही गळती स्कॅव्हेंजिंग पकडत नाही, कारण वायू झडपेपर्यंत पोहोचतच नाही. मास्क बसेपर्यंत वाफ न सोडणं, योग्य मापाचा मास्क घेणं, ट्यूब घालताना फक्त व्हेपोरायझर, म्हणजे द्रव्याची वाफ करून सोडणारं यंत्र, बंद न करता वायूंचा प्रवाहही थांबवणं, आणि शेवटी सर्किट, म्हणजे मशीन आणि रुग्ण यांना जोडणाऱ्या श्वासाच्या नळ्या, काढण्याआधी रुग्णाला काही वेळ ऑक्सिजन देऊन तो वायू स्कॅव्हेंजिंगमध्ये जाऊ देणं, या चार सवयी कोणत्याही फिल्टरपेक्षा जास्त कामाच्या. रुग्णाला चालत असेल तिथे नसेतून भूल दिली तर प्रश्नच उरत नाही.

सकाळी मशीन तपासताना सर्किट 30 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला नेऊन तो दाब टिकवायला मिनिटाला 100 मिलिलिटरपेक्षा जास्त वायू लागत असेल तर कुठेतरी गळतंय. नायट्रसच्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा सांगतात. स्कॅव्हेंजिंगच्या डब्यावर काचेच्या नळीत एक छोटा तरंगता सूचक असतो, तो दोन रेषांच्या मध्ये हवा. तळाला पडला असेल तर ओढ नाही, मग पाइप ट्रॉलीच्या चाकाखाली दबलाय का ते बघावं. एक जागा मात्र जवळपास नेहमी सुटते: श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा मॉनिटर रुग्णाचा वायू मिनिटाला साधारण 200 मिलिलिटर ओढून घेतो आणि मागच्या छोट्या छिद्रातून खोलीत सोडतो. तो पाइपसुद्धा स्कॅव्हेंजिंगला जोडायचा असतो.

मोजण्यासाठी नायट्रसला इन्फ्रारेड मीटर चांगला, कारण तो क्षणाक्षणाला आकडा दाखवतो आणि मास्क उचलला की पडद्यावर उसळी दिसते. वाफांसाठी कॉलरला लावायचे बॅज मिळतात. मीटर थिएटरच्या भिंतीला टांगू नये, तो भूलतज्ज्ञांच्या श्वासाजवळ हवा. आणि एक मोजणी रिकव्हरी रूमचीही करावी. ऑपरेशन झालेला रुग्ण तिथे पोहोचल्यावरही काही वेळ भूलीचा वायू उच्छ्वासातून सोडत असतो. नर्स त्याच्या तोंडाजवळ वाकून नाव विचारते, हाक मारते. स्कॅव्हेंजिंग तिथे नसतं आणि ताजी हवा बहुधा थिएटरपेक्षा कमी असते. खाटेच्या उशाकडून हवा येईल आणि पायथ्याकडून ओढली जाईल असं ठेवलं तर वायू नर्सच्या नाकापासून लांब जातो. त्यासाठी फार काही बांधावं लागत नाही. झडपांची जागा ठरवताना खाट कुठे येणार आणि नर्स कुठे उभी राहणार, एवढं आधी विचारावं लागतं.